झाकली मूठ सरासरीची

विभागाच्या संशोधनाचा अहवाल द्यायचाय. पेपरांची यादी झाली, प्रत्येकापुढे सायटेशनचे आकडे भरून झाले, आणि आता विभाग किती थोर आहे हे एका ओळीत सांगायचंय. तर पहिला नियम असा की आकड्यांकडे बघायचं नाही. रकान्याच्या तळाशी सरासरीचं सूत्र टाका, येईल तो आकडा उचला आणि फाइल बंद करा. फाइल उघडी राहिली की माणूस वर-खाली स्क्रोल करतो, आणि स्क्रोल करणाऱ्याच्या डोक्यात नसत्या शंका येतात.

समजा तुमचा विभाग ‘क’. पाच वर्षांतले पंधरा पेपर, सायटेशन चढत्या क्रमाने अशी: ०, ०, ०, १, १, २, २, ३, ३, ४, ५, ६, ८, १२, ४३३. शेजारच्या ‘ख’ विभागाचेही पंधराच पेपर: ०, १, २, ३, ३, ४, ५, ६, ६, ७, ८, ९, ११, १४, २६. तुमची बेरीज ४८०, सरासरी ३२. त्यांची बेरीज १०५, सरासरी ७. म्हणजे तुम्ही त्यांच्या साडेचार पट मोठे. अहवाल इथेच संपवता आला तर उत्तम, कारण यापुढची प्रत्येक ओळ तुमच्या विरोधात जाणार आहे.

कुणी तरी विचारेलच, की या ४८० पैकी ४३३ कुठून आले? एकाच पेपरातून. अनेक देशांतल्या शेकडो लेखकांचा पेपर, आणि लेखकांच्या यादीत मधे कुठे तरी आपले एक सर. बाकीच्या चौदा पेपरांची मिळून ४७ सायटेशन आहेत, पण हे वाक्य अहवालात लिहायला कुणी सांगितलंय? पंधरापैकी चौदा पेपर विभागाच्या सरासरीच्या खाली आहेत हेही सांगू नका. सरासरी म्हटल्यावर वाचक समजतो की साधारण पेपर एवढ्याच्या आसपास असेल. त्याचा समज मोडणारे आपण कोण?

मध्यक या प्रकारापासून तर चार हात लांबच राहा. पंधरा पेपर चढत्या क्रमाने उभे केले की मधला, म्हणजे आठवा पेपर जिथे उभा असतो तो मध्यक. तुमचा ३ आणि ‘ख’चा ६. बघता बघता साडेचार पट मोठा विभाग निम्मा झाला. मध्यकाचा दुर्गुण असा की ४३३ च्या जागी ४३,००० घातले तरी तो ढिम्म हलत नाही. असला निर्विकार आकडा बढतीच्या कामाचा नाही. त्याच्या जोडीला चतुर्थकं दिली, म्हणजे तुमच्याकडे चौथा आणि बारावा आकडा १ आणि ६, तर ‘ख’कडे ३ आणि ९, की वाचकाला दोन्ही विभागांचं चित्र जवळजवळ पूर्ण दिसतं. मग तुमच्यासाठी बोलायला काय उरलं?

अहवाल शास्त्रीय दिसावा म्हणून सरासरीपुढे अधिक-उणे चिन्ह टाकून प्रमाण विचलन मात्र जरूर द्या. तुमचं येतं १११. म्हणजे छापायचं ‘३२ ± १११’. कुणी हिशेबी निघाला तर ३२ मधून १११ वजा करून विचारेल, की तुमच्या काही पेपरांना उणे ७९ सायटेशन आहेत का? असा प्रश्न विचारणारा माणूस समितीत सहसा नसतो. पण असलाच, तर त्याने नेमकी खूण ओळखली आहे. शून्याच्या खाली जाऊच न शकणाऱ्या मोजणीत विचलन सरासरीच्या तिप्पट आलं, की वाटप एका बाजूला लांब शेपटी काढून बसलंय आणि ± ची भाषा तिथे लागू नाही.

तुम्ही एकटे नाही आहात, हा दिलासा घ्या. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या नियतकालिकाच्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास असायचा. २००९ साली तो ४९.९२६ झाला. स्फटिकांची रचना उलगडण्याच्या शेलएक्स या सॉफ्टवेअरवर गटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये लेख लिहिला होता, आणि हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सायटेशन म्हणून हाच लेख द्यावा अशी सोय त्यातच केली होती. जगभरच्या स्फटिकवाल्यांनी ती पाळली. या एका लेखाला साडेसहा हजारांवर सायटेशन मिळाली, आणि त्या वर्षीच्या अंकांतला त्याच्या खालोखालचा लेख होता २८ सायटेशनचा. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांची सरासरीच, त्यामुळे २०१० मध्येही तो पन्नासच्या वर राहिला आणि २०११ मध्ये, शेल्ड्रिक यांचा लेख दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडल्यावर, पुन्हा दोनवर आला. मधल्या काळात त्या नियतकालिकात छापून आलेल्या इतर कुणाचा लेख पंचवीस पटींनी सुधारला नव्हता. पण दशांशचिन्हापुढे तीन आकडे होते, आणि तीन आकड्यांपुढे कोण बोलणार? (हे तीन आकडे कशासाठी असतात हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.)

हा अपवाद म्हणून कुणी सोडून देईल, तर त्याला तसं करू द्या. नॉर्वेच्या पेर सेग्लेन यांनी १९९२ मध्येच दाखवून दिलं होतं, की साधारण १५ टक्के लेखांकडे निम्मी सायटेशन जातात. म्हणजे वाकडेपणा हा सायटेशनचा स्वभावच आहे. शेल्ड्रिक यांच्या लेखात तो फक्त ढळढळीत दिसला.

आता जरा पुढच्या इयत्तेतली युक्ती. कुणी तरी सांख्यिकीवाले सुचवतील की सरासरी काढायचीच तर लॉग घेऊन काढा, म्हणजे शेपटीचा भार कमी होईल. तुम्ही लगेच हो म्हणा. मग शून्याचा लॉग निघत नाही असं म्हणत तीन शून्यवाले पेपर हळूच गाळा. तोटा काहीच नाही: साधी सरासरीसुद्धा ३२ वरून ४० वर जाते. ज्या पेपरांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही ते विभागाचे नव्हतेच, असं समजायचं. एक मिळवून लॉग घेण्याची आणि शेवटी एक वजा करण्याची सोय आहे, हे मात्र कुणाला कळू देऊ नका. ‘आर’मध्ये ती इतकी छोटी आहे की चुकून कुणी वापरेल:

```r
k <- c(0,0,0,1,1,2,2,3,3,4,5,6,8,12,433)
g <- c(0,1,2,3,3,4,5,6,6,7,8,9,11,14,26)
expm1(mean(log1p(k)))   # 3.5
expm1(mean(log1p(g)))   # 5.0
wilcox.test(k, g)
```

हा झाला भूमितीमध्य, शून्यं धरून. तुमचा साडेतीन, त्यांचा पाच. मध्यकाने जे सांगितलं तेच हाही सांगतो, म्हणून हाही नको.

वरच्या कोडच्या शेवटच्या ओळीत दोन विभागांची तुलना आहे. तिच्या आधी एक टी-टेस्ट करून बघा, पण एकट्याने. सरासरींतला फरक चांगला २५ चा आहे, तरी p, म्हणजे मुळात फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, साधारण ०.४ येतो, कारण एका ४३३ ने तुमच्या बाजूची अनिश्चितताही फुगवून ठेवली आहे. ज्याने सरासरी दिली त्यानेच पुरावा काढून घेतला. तेव्हा p छापू नका, फक्त स्तंभालेख छापा, दोन स्तंभ, एक उंच आणि एक बुटका. पंधरा-पंधरा ठिपके एक मिळवून लॉगच्या पट्टीवर मांडलेत तर सगळं उघड होईल.

मॅन-व्हिटनी, म्हणजे कोडमधली ती wilcox.test, मात्र सापडू देऊ नका. ती चाचणी आकड्यांऐवजी क्रम बघते, आणि तिचा प्रश्न फार सरळ आहे: ‘ख’मधला एक पेपर आणि ‘क’मधला एक पेपर चिठ्ठी टाकून उचलला, तर कुणाची सायटेशन जास्त निघतील? सगळ्या २२५ जोड्या लावून बरोबरीच्या जोड्यांना अर्धा गुण दिला, तर ‘ख’च्या वाट्याला १४९ येतात, म्हणजे शंभरातली ६६ वेळा. p मात्र ०.१३ च्या आसपास. ही चाचणी मध्यकांची तुलना करते असं बरेच जण छापून मोकळे होतात. दोन्ही वाटपांचा आकार सारखा असेल तरच ते म्हणता येतं, आणि आपल्या दोन विभागांचा आकार सारखा आहे असं म्हणायला भलतंच धाडस लागेल.

इथे एखादा सावध माणूस काय लिहील ते सांगतो, म्हणजे टाळायला सोपं जाईल. तो लिहील: ‘या पंधरा-पंधरा पेपरांत “ख”चा साधारण पेपर जास्त उद्धृत दिसतो, पण शंभरातले ६६ हा अंदाज ढोबळ मानाने ४५ ते ८५ मध्ये कुठेही असू शकतो; त्यामुळे फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. एकूण सायटेशन “क”ची जास्त असून ती जवळजवळ सगळी एका पेपरातून आली आहेत.’ बघा, किती नेभळट वाक्य! यावर कुणाला पुरस्कार मिळालाय?

आणि तो एवढ्यावर थांबणार नाही. पेपर कोणत्या वर्षांचे हे विचारेल, कारण पाच वर्षं जुन्या पेपराला सायटेशन गोळा करायला पाच वर्षं मिळालेली असतात आणि गेल्या दिवाळीत आलेल्याला काही महिने. ‘क’मध्ये गणितवाले आणि ‘ख’मध्ये वैद्यकवाले आहेत का, हेही विचारेल. गणितात संदर्भयाद्या आखूड असतात आणि सायटेशन रांगत येतात. मग तो प्रत्येक पेपर त्याच्याच वर्षाच्या, त्याच्याच विषयाच्या आणि त्याच प्रकारच्या पेपरांत कितव्या शतमकात बसतो ते काढेल, वरच्या १० टक्क्यांत किती आले ते मोजेल. तसं मोजलं की तुमचा ४३३ वाला वरच्या दहा टक्क्यांतला एक पेपर ठरतो. एक म्हणजे एकच.

‘ख’ विभागातले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीही सल्ला आहे. ४३३ ला ‘आउटलायर’ म्हणा आणि उडवा. तो टायपिंगची चूक नाही, एकाच नावाच्या दोन लेखकांचा घोळ नाही, नोंद दोनदा पडलेली नाही, पेपर खरा आणि सायटेशनही खरी, या किरकोळ बाबींत जाऊ नका. त्याच्यासह आणि त्याच्याविना असे दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी छापणं हा तर निव्वळ कागदाचा अपव्यय.

‘क’वाल्यांनी मात्र एक तारीख बघून ठेवावी. अहवालाची खिडकी पाच वर्षांची असते, आणि तो मोठा पेपर यादीतला सगळ्यात जुना असेल तर पुढच्या वर्षी तो बाहेर पडणार. उरलेल्या चौदांची सरासरी ३.४. बढतीचा अर्ज त्याआधी टाका.