माझा पसारा

नवीन सिक्युरिटी एजन्सीच्या ऑफिसातल्या पोरानं व्हॉट्सअपवर दोन शब्द टाकले, ‘रिझ्युमे पाठवा’, आणि बावीस वर्षांच्या पोराला मी ‘हो सर’ म्हणालो. जुन्या एजन्सीचा ठेका सुटला होता, त्यामुळे त्याला ‘सर’ म्हणणं भाग होतं. मग काल संध्याकाळी इथं सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, एक पंखा आणि पंख्याखाली टाकलेलं एक स्टूल. स्टूलावर मामा बसले होते.

मामा कोण, ते मला आजही माहीत नाही. लाइट बिलाची झेरॉक्स काढायला आलेले. झेरॉक्स केव्हाच काढून झाली होती, पण पंखा चालू होता. गिरणीत टाइमकीपर होते, हे त्यांनी पहिल्या मिनिटातच सांगितलं. गिरणी कधीची बंद पडली, तिचा भोंगाही थांबला. मामा मात्र थांबलेले नाहीत.

दुकानातल्या पोरानं एका सॉफ्टवेअरवाल्याचा जुना रिझ्युमे उघडला आणि नाव बदलून माझं टाकलं. ‘टीम साइज’ असा एक रकाना होता. मी रुबाबात म्हणालो, “बेचाळीस.” पोरानं टाइप केलं, 42. ठळक केलं. मागून स्टूल करकरलं.

“बेचाळीस? एकटाच बघतोस होय?”

“हो की.”

“कायद्यानं एका सुपरवायझरला किती गार्ड म्हणे?”

माणूस कापड-गिरणीचा, पण कुठल्याशा बँकेच्या गेटवर भाच्याला लावलंय म्हणे, त्यामुळे सगळा अभ्यास. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, “पंधरा.” ते खरंच आहे. खासगी सिक्युरिटी एजन्सींच्या 2005 च्या कायद्याखालचे जे आदर्श नियम आहेत, त्यांत एका सुपरवायझरकडे पंधरापेक्षा जास्त गार्ड नकोत असं आहे. गार्ड वेगवेगळ्या जागी विखुरलेले असले आणि एकट्याला बघणं जमत नसलं, तर दर सहांमागे एक सुपरवायझर हवा.

“मग तू बेचाळीस लिहिलंस म्हणजे तुझ्या जुन्या मालकानं कायदा मोडला, असं तूच लिहून द्यायलास. अन् नव्या मालकाला वाटेल, हा पण मोडू देतो. चांगलंय की.”

लाइट बिलाच्या झेरॉक्सच्या पाठीमागं मामांनी माझंच पेन घेऊन हिशेब मांडला. पॉइंट किती? बारा. मेन गेट, मटेरियल गेट, काटा, सूत गोदाम, आणि असेच बाकीचे. पाळ्या तीन. म्हणजे दिवसाला 36 ड्युट्या, आठवड्याला 252. एक माणूस आठवड्यातून सहा दिवस येणार. 252 भागिले 6.

“किती आलं?”

“बेचाळीस,” पोरगं कौतुकानं म्हणालं. मला वाटलं, जिंकलो.

“म्हणजे बेचाळीस हा पटावरचा आकडा. सुट्टीवाले, रिलीव्हर सगळे धरून. तुझ्या पाळीत तुझ्या हाताखाली किती? बारा! उगं बेचाळीसचा तोरा मारायलास.”

बारा. पंधरा वर्षांत बायकोलासुद्धा मी बेचाळीस सांगत आलोय. पाहुण्यांमध्ये मेहुणा विचारायचा, ‘किती माणसं हो दाजी?’ आणि मी मिशीवर हात फिरवून ‘चाळीसेक’ म्हणायचो. त्या बेचाळीसावर माझ्या घरातली निम्मी इज्जत उभी होती, ती या माणसानं वीज मंडळाच्या कागदामागे बारावर आणली. आणि राग याचा की माणूस बरोबर होता. बारा पॉइंट आठ तासांच्या पाळीनं चालवायचे तर माणसं बेचाळीसच लागतात, पॉइंटला साडेतीन. त्यातली पाच जरी कमी असली, तर उरलेल्यांच्या डबल ड्युट्या लागतात आणि रात्री तीन वाजता काट्यावरचा गार्ड उभ्या उभ्या झोपतो. ज्याला धंदा कळतो तो टीमचा आकडा विचारत नाही, पॉइंट किती आणि रिलीव्हर किती ते विचारतो. शेवटी ओळ अशी झाली: ‘12 पॉइंट, 3 पाळ्या, पाळीत 12 गार्ड प्रत्यक्ष देखरेखीखाली, 42 जणांचा ड्युटी चार्ट व रिलीव्हरची सोय.’ ओळ चांगली झाली. मी मामांना तसं सांगितलं नाही.

साइट्सचा रकाना लवकर उरकला. टॉवेल कारखाना, हॉस्पिटल, सोसायटी. मंगल कार्यालयाचं मीच गाळलं, कारण तिथं माझं मुख्य काम चपला सांभाळणं होतं. हॉस्पिटलपुढे मात्र ‘रात्री नातेवाइकांची गर्दी’ असं लिहवून घेतलं. ज्यानं आयसीयूच्या दारात नऊ माणसांना ‘एकच जण आत’ सांगितलंय त्याला त्यातलं सगळं समजतं. तिथं काठीचा उपयोग नसतो, आवाज खाली ठेवावा लागतो. सोसायटीचं काय सांगायचं, तिथं आपण सुपरवायझर असलो तरी ‘ए वॉचमन’च.

मग आला ‘घटना हाताळणी’ हा रकाना. पोरानं मला न विचारताच ‘अनेक चोर पकडले’ असं टाइप केलं.

“अनेक म्हणजे किती?” स्टूल.

“एक प्रकरण आहे.”

“चोर पकडलास?”

“चोर नाही. पोतं पकडलं.”

पोरगं हसलं. मामा हसले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून पुढं सरकले. “सांग.”

आता हे सांगायला मला कधी कुणी म्हणालेलं नव्हतं. मे महिना, संध्याकाळचे साडेसहा. कारखान्यातलं सुताचं वेस्ट उचलणाऱ्या ठेकेदाराची गाडी बाहेर पडत होती. गेटपासवर तीस पोती. वेस्टचं पोतं आमच्याकडं सरासरी चाळीस किलोचं भरतं, म्हणजे बाराशे. काट्याची पावती 1,296. शहाण्णव किलो जादा. ड्रायव्हर म्हणाला, “माल ओलाय साहेब.”

“मे महिन्यात?” मामा.

“मी पण तेच म्हणालो. सोलापुरात मे महिन्यात धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात पापड होतो, आणि ह्याचं वेस्ट ओलं.”

शिवाय माल ओला असता तर सगळी पोती थोडी थोडी जड भरली असती. म्हणून एकेक पोतं लहान काट्यावर चढवलं. सव्वीस पोती चाळीसच्या आसपास, आणि चार पोती चौसष्ट. ती चार बाजूला काढली. उघडली नाहीत. इथंच नवा सुपरवायझर चुकतो. जोशात पोतं फाडतो, आणि मग ‘तुम्हीच घातलं’ म्हणायला समोरचा मोकळा. मी स्टोअर इन्चार्जला बोलावलं, ड्रायव्हरला समोर उभं केलं, आणि त्यांच्या देखत पोती सोडली. वर वेस्ट, आत टॉवेल. मोजले, कागद केला, तिघांच्या सह्या घेतल्या, काट्याची पावती त्याला टाचली, रजिस्टरमध्ये वेळ टाकली, मॅनेजरला फोन केला. पोलिसात जायचं की नाही हे मालकानं ठरवायचं असतं, आपण नाही. मालक गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून वेस्टचं प्रत्येक पोतं भरताना वजन करून सील करायचं ठरलं, तेही मी लिहून मागितलं म्हणून.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे लिही. अनेक चोर काढ.” आणि मग, मालकाच्याच थाटात, “कारखान्याचं नाव पण लिही.”

“चोरीच्या ओळीत नाव नाही लिहायचं मामा. आज जुन्या मालकाचं लिहिलं तर उद्या आमचं लिहील, असं वाटतं नव्या मालकाला.”

तेवढ्यापुरतं ते हरले. ‘वजनातील तफावतीवरून माल अडवला, साक्षीदारांसमोर तपासणी, नोंद, नंतर सील पद्धत सुरू’ अशी ओळ झाली. बाकी पंधरा वर्षं काही घडलं नाही, ही माझी खरी कमाई, आणि तिला रकानाच नव्हता.

शेवटी ट्रेनिंग. मी म्हणालो, “पसाराचं सर्टिफिकेट.”

“कसला पसारा?” पोरगं.

कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की पसारा होतं, आणि धंद्यातले सगळे त्याला पसाराच म्हणतात. मी सर्टिफिकेट पुढं केलं. ते पोराच्या आधी मामांच्या हातात गेलं.

“चार तारीख ते पंधरा तारीख. किती तासांचं असतं रे हे?”

“शंभर वर्गात, साठ मैदानात.” हेही नियमातलंच आहे, आणि ते कमीत कमी वीस कामाच्या दिवसांत पसरलेलं असावं लागतं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना कमी लागतं, पण मी दोन्ही नाही.

टाइमकीपरचे डोळे चमकले. “एकशे साठ तास, बारा दिवस. दिवसाला तेरा तास वीस मिनिटं. तेव्हा रजेवर होतास?”

“नाही. रात्रपाळी होती.”

“म्हणजे वर आठ तास. एकवीस तास वीस मिनिटं. राहिले दोन तास चाळीस मिनिटं. त्यात झोपलास, अंघोळ केलीस, जेवलास, अन् कामावर जाऊन आलास. शाब्बास बे!”

दुकानातली पाच माणसं हसली. मीही हसलो, पण पोटात कालवलं. प्रत्यक्षात आम्हाला दोन दिवस एका हॉलमध्ये बसवलं, मोकळ्या प्लॉटवर टायर पेटवून एकच सिलिंडर फवारायला दिला, तोही पुढच्या रांगेतल्यांना, ग्रुप फोटो काढला आणि नंतर पगारातून ट्रेनिंगचे पैसे कापले. तारखा कुणी टाकल्या, आम्हाला दाखवल्या नाहीत. आम्ही विचारल्याही नाहीत. कागदाशिवाय गेटवर उभं करत नाहीत. आणि उद्या कुणी हा हिशेब इंटरव्ह्यूत मांडला, तर खोटा ठरणार मी. एजन्सी नाही.

“आता काय लिहायचं काका?” पोरानं विचारलं. मला काका म्हणण्याइतका तो लहान नव्हता.

प्रथमोपचाराचं वेगळं सर्टिफिकेट होतं, ते खरं. देणाऱ्याचं नाव आणि मुदत घालून ते वर घेतलं. पसाराचं खाली, आहे तसं, आणि पुढं मी स्वतः सांगितलेली ओळ: ‘पूर्ण तासांचं प्रशिक्षण पुन्हा घेण्यास तयार.’ मामांनी मान हलवली, जणू मस्टरवर माझी हजेरी लागली.

प्रिंट काढली, पैसे दिले, निघालो. मामा पंख्याखालीच. बसमध्ये बसल्यावर पावती बघितली. टायपिंग, प्रिंट, पीडीएफ, आणि खाली ‘झेरॉक्स 1, रु. 2’. मी काहीच झेरॉक्स केलं नव्हतं. पंधरा वर्षं गेटवर माल मोजून सोडतोय, आणि ते लाइट बिल माझ्या डोळ्यांसमोरून, माझ्याच खर्चानं, बिनगेटपासचं बाहेर पडलं होतं. माझं पेनसुद्धा त्याच्याबरोबर गेलं.