ऑफिसची बॅग, खांदा आणि पट्टा: ग्राहक ताईंच्या अभिप्रायाला उत्तर

★★ "दोन महिन्यांपूर्वी ऑफिससाठी यांच्याकडून १,८५० रुपयांची मोठी, कडक बॅग घेतली. दिसते छान, पण रोज संध्याकाळी खांदा आणि मान भरून येते. दोन्ही पट्टे रुततात, सारखे घसरतात. आत चावी शोधायला पाच मिनिटं लागतात. आता एका कडीजवळची शिलाईही उसवायला लागलीय. मी काही फार नेत नाही, डबा, पाणी, डायरी, छत्री आणि रोजचं सटरफटर. बँकेत स्कूटीवर जाते. 'ऑफिसला हीच घ्या' म्हणून गळ्यात मारली."

नमस्कार ताई,

आधी शिलाईचं सांगते. बॅग दुकानात आणा, कडीची पट्टी आमचे कारागीर नव्याने बसवून देतील, त्याचे पैसे लागणार नाहीत. पण नुसतं तेवढं करून तुमचा खांदा दुखायचा थांबणार नाही, म्हणून बाकीचं सविस्तर लिहिते. ऑफिसची बॅग घ्यायला येणाऱ्या बऱ्याच जणींची तक्रार अशीच असते.

तुम्ही दिलेल्या यादीचं वजन मांडून बघू. तुमची बॅग रिकामी असतानाच १ किलो १५० ग्रॅम आहे, कारण तिच्या चारही बाजूंना आतून पुठ्ठा आहे आणि तळाला जाड बोर्ड. स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा पोळीभाजीसकट साधारण ८०० ग्रॅम भरतो. पाणी थंड ठेवणारी एक लिटरची स्टीलची बाटली रिकामी ४०० ग्रॅमच्या आसपास आणि पाणी एक किलो, म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम. डायरी ३५०, घडीची छत्री ३००, पाकीट आणि मोबाईल मिळून ४००, चार्जर आणि पॉवर बँक ३००, कंगवा-क्रीमची पाउच २००. बेरीज ४ किलो ९०० ग्रॅम होते. एकेक वस्तू हातात घेतली तर काहीच जड नाही, म्हणून "फार नेत नाही" असं वाटणं साहजिक आहे.

शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. पण दप्तर दोन्ही खांद्यांवर असतं आणि पाठीला टेकलेलं असतं. हँडबॅग एकाच खांद्यावर लटकते, म्हणून मी गिऱ्हाइकांना त्याच्या निम्म्याचा हिशेब सांगते. ५५ किलो वजनाच्या बाईने एका खांद्यावर पावणेतीन-तीन किलोच्या वर रोज नेऊ नये. हा वैद्यकीय नियम नाही, काउंटरवर बसून तयार झालेला माझा अंदाज आहे, पण तो पाळणाऱ्या बायका खांद्याची तक्रार घेऊन सहसा परत येत नाहीत.

मान का भरते, ते घसरणाऱ्या पट्ट्यात आहे. पट्टा घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू मग चालताना, जिना चढताना, रांगेत उभं राहताना सारखा आवळलेला राहतो. आरशासमोर भरलेली बॅग अडकवून उभ्या राहा, बॅगेकडचा खांदा कानाकडे सरकलेला दिसेल. हे दिसलं की समजावं, पट्टा तरी बदलायला हवा किंवा वजन तरी.

तुमच्या बॅगेचे पट्टे गोल आहेत, आत दोरी घालून शिवलेले. हातात धरायला ते फार चांगले, मुठीत बसतात. खांद्यावर मात्र गोल पट्टा एका बारीक रेघेवर टेकतो आणि सगळं वजन त्या रेघेवर येतं. तेच वजन साडेतीन-चार सेंटीमीटर रुंद, चपट्या पट्ट्यावर पसरलं की रुतणं लगेच कमी होतं. पट्ट्याची खालची बाजूही हाताने चाचपून बघावी. गुळगुळीत रेक्झिन सिल्क किंवा जॉर्जेटवरून सरकतं, खालून कापड किंवा खरबरीत अस्तर असेल तर टिकतं. ओढणी पिन लावून घेत असाल तर पिनेवर पट्टा येणार नाही एवढं बघा, नाहीतर ओढणी आणि पट्टा दोन्ही फाटतात.

पट्ट्याची उंची म्हणजे पट्टा वर धरल्यावर त्याच्या टोकापासून बॅगेच्या तोंडापर्यंतचं अंतर. खांद्यावर घ्यायच्या बॅगेत ते २५ ते २८ सेंटीमीटर असावं. २० असेल तर बॅग काखेत अडकते आणि हात वेगळा धरून चालावं लागतं. फार लांब असेल तर प्रत्येक पावलाला बॅग मांडीवर आपटते. हे माप हिवाळ्यात स्वेटर घालून आणि उन्हाळ्यात सुती कुर्त्यावर वेगळं लागतं, म्हणून रोज जे घालता ते घालूनच बॅग बघायला यावं.

आता कडीजवळच्या शिलाईकडे वळते. तुम्ही स्कूटीवर जाता. एवढ्या आकाराची बॅग सीटखालच्या डिकीत मावत नाही, ती पुढच्या हुकाला लटकते, तीही बहुतेक वेळा एकाच पट्ट्याने. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला पाच किलोचा झटका एकाच कडीला बसतो. घरी बॅग उजेडात धरून कडीची पट्टी हलकेच ओढून बघा. सुईची भोकं गोल दिसली तर फक्त दोरा सैल झालाय, पुन्हा टीप मारली की काम होतं. भोकं लांबट, फाकलेली दिसली तर रेक्झिनच फाटत चाललंय. तिथे नुसती नवी टीप मारली तर ती पंधरा दिवसांत पुन्हा उसवते, कारण सुई त्याच कमजोर जागी आणखी भोकं पाडते. अशा वेळी आतून निवारपट्टीचा तुकडा लावायचा, चौकोनात फुली अशी नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई घ्यायची आणि वर रिव्हेट ठोकायचं. तुमच्या बॅगेला चारही कड्यांना हेच करून देऊ, उसवलेली नसली तरी. तोपर्यंत हुकाला अडकवताना दोन्ही पट्टे एकत्र अडकवा.

चावी न सापडण्याचं कारण कप्पे कमी हे नाही. तुमच्या बॅगेत सहा खिसे आहेत, पण सगळे भिंतींना चिकटलेले छोटे खिसे. मधली मोठी जागा एकच, ती मोकळी, आणि आतलं अस्तर काळं. कडक बॅग स्वतःचा आकार सोडत नाही, त्यामुळे बाटली आडवी होते, छत्री तिच्यावर पडते आणि चावी दोघींच्या खाली जाते. रोजच्या ऑफिसला मला तीन जागा पुरेशा वाटतात. मधोमध चेनचा उभा कप्पा, जो बॅगेचे दोन भाग करतो. अंगाच्या बाजूच्या भागात डायरी, चार्जर अशा जड वस्तू, बाहेरच्या बाजूला छत्री आणि पाउच. तिसरी जागा म्हणजे बाहेरून हात जाईल असा मागचा खिसा, मोबाईलसाठी. जड वस्तू अंगाकडे ठेवली की बॅग बाहेर झुकत नाही आणि तेच वजन हलकं लागतं. चावीला आतल्या कडीतून एक वीतभर दोरी बांधून टाका, दोरी ओढली की चावी वर येते. अस्तर फिकट रंगाचं घ्या, त्यावर काळी वस्तूही दिसते.

आकाराबद्दल आमच्याकडे बायका पहिला प्रश्न विचारतात, "फाईल मावेल का?" मी उलट विचारते की फाईल घरी येते का. बँकेत काम करणाऱ्या बहुतेक जणींची येत नाही. ए-४ कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटरचा असतो, तो आडवा ठेवायला आतून ३२ सेंटीमीटर लांबी आणि २४-२५ उंची पुरते. सरकारी कचेरीतली लांब फाईल रोज नेणारीला मोठी बॅग लागतेच, तिथे इलाज नाही. तुमची बॅग ४० बाय ३२ आहे आणि तळ १६ सेंटीमीटर रुंद. जागा दिसली की ती भरते, मग पॉवर बँक येते, दुसरी ओढणी येते, परतीच्या वाटेवर घेतलेली मेथीची जुडीही तिच्यातच जाते.

कडक की मऊ, याचं उत्तर माझ्या मते मधलं आहे. कडक बॅग टेबलाशेजारी नीट उभी राहते, आतलं चुरगळत नाही, मीटिंगला नेताना रुबाबदार दिसते, पण पुठ्ठ्याचं वजन रोज वाहावं लागतं. अगदी मऊ बॅग हलकी असते, पण भरली की तिचा तळ मध्ये लोंबतो आणि सगळं सामान त्या खड्ड्यात गोळा होतं. तळ पक्का आणि बाजू मऊ, अशी बॅग ६५०-७०० ग्रॅममध्ये मिळते. घरी मऊ बॅग पडून असेल तर तळाच्या मापाचा सनबोर्डचा तुकडा कापून, कोपरे गोल करून आत टाका. वजन जवळजवळ वाढत नाही आणि लोंबणं थांबतं.

तुमच्यासाठी मी काय करीन, तर डबा आणि बाटली बॅगेतून काढून वेगळ्या कापडी पिशवीत ठेवीन. डबा-बाटली २ किलो २०० ग्रॅम होतात. ७०० ग्रॅमच्या बॅगेत उरलेलं सामान घातलं तर ती २ किलो २५० ग्रॅम भरते. पिशवी एका हातात, बॅग दुसऱ्या खांद्यावर, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. स्कूटीवर बॅग डिकीत मावत असेल तर तिथे आणि हुकाला फक्त पिशवी. बँकेत प्यायच्या पाण्याची सोय असेल तर निघताना बाटली अर्धीच भरा, अर्धा किलो तिथेच कमी होतो. सोलापूरच्या उन्हात पाण्याशिवाय बाहेर पडा असं मी कुणाला सांगणार नाही.

एक गोष्ट उन्हाचीच. एप्रिल-मे महिन्यात बॅग उन्हातल्या गाडीवर किंवा डिकीत दिवसभर ठेवू नका. रेक्झिनच्या कडांचा रंग चिकट होतो, आतला गोंद सुटतो आणि मग पापुद्रे निघतात. ते दुरुस्त होत नाही.

"गळ्यात मारली" हे वाचून वाईट वाटलं, म्हणून बॅग घेताना काय करायचं तेही सांगते. रिकामी बॅग आरशासमोर सगळ्यांनाच छान वाटते. आमच्या काउंटरखाली पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या ठेवलेल्या असतात, वजनाचा हुकवाला काटाही आहे. बॅगेत दोन्ही बाटल्या घालायला सांगा, खांद्यावर घ्या, नव्या पेठेत बाहेर एक चक्कर मारून या, आम्ही थांबतो. जमलं तर रोजचं सामानच सोबत आणा.

तर ताई, रविवार सोडून सकाळी ११ ते रात्री ८ पर्यंत मी दुकानात असते. बॅग रिकामी करून आणू नका, ऑफिसला नेता तशीच भरून आणा. काट्यावर तुमच्यासमोर वजन करू. ठेवायची असेल तर कड्या पक्क्या करून, गोल पट्टे काढून चार सेंटीमीटरचे चपटे पट्टे लावून देऊ, त्याला दोन दिवस लागतील. बदलायची असेल तर पक्क्या तळाच्या लहान बॅगा १,२०० ते १,४०० रुपयांत आहेत. तुमची बॅग पूर्ण किमतीला परत घेऊ आणि वरचे पैसे तुम्हाला देऊ. पावती हरवली असली तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे.