आजोबांना दुसऱ्यांदा जन्माला कसं घालावं

तुमचे आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले असतील तर अभिनंदन! पोर्तुगालच्या हिशेबी ते जन्मानेच पोर्तुगीज. आता तुम्हालाही पोर्तुगीज नागरिकत्व हवं तर फक्त त्यांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवायचा, मग त्यांचं लग्न, मग बाबांचा जन्म, बाबांचं लग्न, आणि शेवटी तुम्ही. एकेक कडी आधीच्या कडीला जोडायची. सोप्पंय. मला तीन वर्षं लागली आणि गेल्या मंगळवारी अर्जाचं पाकीट परत आलं.

सुरुवात आजोबांच्या नावापासून करा. आमचे शंकर नाईक बारदेशातून आले आणि सोलापुरात गिरणीत लागले. त्या काळच्या पोर्तुगीज कारकुनाला 'श' ऐकू आला की तो एक्स लिहायचा, आणि 'के' हे अक्षर त्याला परकं, म्हणून नाईकचा शेवट क्यू, यू, ई असा. तो दाखला इथल्या खिडकीत दाखवलात की साहेब चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "ह्यो एक्स कोण?" तुम्ही नम्रपणे सांगा, आजोबा. ते म्हणतील, "मग शंकर कोण?" दोन्ही एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, नोटरी करा. ते नुसतं पुरत नाही हे नंतर कळेल, पण स्टॅम्पपेपर घरात असलेला बरा.

आजीचं लग्न लावताना नाव बदलू नका. माहेरच्या कागदावर चंद्रभागा, सासरच्या कागदावर लक्ष्मी. म्हणजे आजोबांच्या बायका दोन, आणि बाबा नेमके कुणाचे?

बाबांना वगळून थेट नातवाने अर्ज करायचा असेल तर पोर्तुगीज शिका. सोलापुरात शिकवणी शोधून दाखवा, भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडून.

आता मुख्य युक्ती. मुलाच्या जन्माची नोंद वेळेत अजिबात करू नका. बाबा १९५८ चे, श्रावणातले, घरीच बाळंतपण. नोंद कोण करणार? शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, जन्मतारीख? आजोबा म्हणाले, लिहा तुम्हीच. गुरुजींनी लिहिली १ जून. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला, त्या काळी सगळ्या बायका बहुधा एकाच दिवशी बाळंत व्हायच्या! पुढे १९९४ साली पासपोर्टसाठी कोर्टाचा आदेश आणून दाखला काढला, त्यावर कुणीतरी पंचांग बघून खरी तारीख टाकली, ऑगस्टमधली. दाखला नवाकोरा, शिक्का जांभळा, बाबा खूश. लिस्बनचा कायदा मात्र म्हणतो की बाप-लेकाचं नातं मूल सज्ञान होण्याआधी कागदावर आलेलं पाहिजे, नाहीतर नागरिकत्वासाठी ते सहसा धरत नाही. आमच्या दाखल्यावर नोंदीची तारीख १९९४, म्हणजे बाबा छत्तीस वर्षांचे! मग दुसरी वाट : बाबांच्या जन्माआधी आजी-आजोबांचं लग्न झालं होतं हे दाखवा, म्हणजे नवरा तोच बाप ठरतो. लग्न १९५६ चं, नोंदणी नाही, पत्रिका नाही, भटजी वारले, नवरा-नवरी वारले. उरला शाळेच्या रजिस्टरचा उतारा, ज्यात पालक म्हणून आजोबांचं नाव बालपणीच लिहिलेलं आहे. मी तो काढला, मुंबईला मंत्रालयातून साक्षांकित करून आणला, परदेशात चालावा म्हणून अपॉस्टिलचा शिक्का मारून घेतला, पोर्तुगीज भाषांतर केलं. त्यावर तारीख, १ जून. कोर्टाच्या दाखल्यावर ऑगस्ट. म्हणजे माझे बाबा दोन, आज्या दोन, आणि आजोबा एक शंकर, एक एक्सवाले. पाकीट परत यायचं नाही तर काय होईल?

हे सगळं जमलंच, तर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, परक्या देशाचं स्वेच्छेने घेतलं की इथलं संपलं. एजंट हे शेवटच्या हप्त्यानंतर सांगतो. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मी कुठं जात नाय."

बरं, विनोद पुरे. आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. गिरणीचं ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, गोव्याहून आलेली पत्रं, सगळं त्यात. दिवाळीच्या साफसफाईत काकांनी ती रद्दीवाल्याला दिली आणि वर मला अभिमानाने भाव सांगितला. अहो, कागद आहेत ते! वाचता येत नाही म्हणून फेकायचे? आणि तुम्ही, हो तुम्हीच, हसू नका. लेकीच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे ना? बारशाला पाचशे पानं उठवलीत आणि नाव चढवायला एक चक्कर मारवेना? पंधरा वर्षांच्या आत चढवता येतं, नंतर बसा कोर्टात. ती आता किती वर्षांची झाली, ते तरी बघा.