पाण्याचा अपवर्तनांक ९ नाही: माझ्याच टिपेचा खुलासा

"सर, पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०, मग अपवर्तनांक √८० म्हणजे ९ ना? पुस्तकात १.३३ चुकून छापलंय."

जळगाव-भुसावळकडच्या बारावीच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजचं मूळ माझी जुनी टीप आहे. ८० च्या पुढे वारंवारता लिहायची राहिली, चूक माझीच.

रेडिओ लहरींत पाण्याचे ध्रुवीय रेणू क्षेत्रासोबत वळतात, म्हणून ८०. शंभर मेगाहर्ट्झच्या एफएमला अपवर्तनांक खरोखर ९ च्या आसपास असतो. तीन मीटरची लहर पाण्यात ३४ सेंटीमीटरची होते. वीसेक गिगाहर्ट्झपाशी रेणूंचं वळणं मागे पडू लागतं आणि पाणी ऊर्जा शोषतं. अवरक्तात अणूंची कंपनंही मागे पडतात. दृश्य प्रकाशात फक्त इलेक्ट्रॉन साथ देतात: स्थिरांक १.७७, वर्गमूळ १.३३. अतिनीलकडे तो पुन्हा थोडा चढतो, कारण इलेक्ट्रॉनांचं शोषण जवळ येतं.

घरी पडताळा. तांब्यात १२ सेंटीमीटर पाणी भरून तळाचं नाणं सरळ वरून पाहा. ते ९ सेंटीमीटर खोलीवर दिसेल. अपवर्तनांक ९ असता तर जेमतेम १.३ सेंटीमीटर खोलीवर दिसलं असतं.

जुनी टीप पुढे पाठवू नका, भो. पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.