मनगट झटकण्याआधी कालथा सोडा

«हात मिळवतो तशी रॅकेट धरा. मूठ एकदम घट्ट. ही पकड शेवटपर्यंत बदलायची नाही. गुडघे वाकवून, पाय रोवून उभे राहा आणि फटक्याला मनगट झटका. आठवड्यात स्मॅश बसेल!!»

कुडाळच्या भाचीने हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, सगळं केलं. मनगट दुखतंय." वय वर्षं तेरा, उजवा हात, बॅडमिंटन सुरू करून जेमतेम दोन महिने. मी म्हटलं, सकाळी उजेडात खेळ आणि बाजूने स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून पाठव. सकाळीच अशासाठी की आपल्याकडच्या दिव्यांची लुकलुक सेकंदाला 100 वेळा होते. हॉलमधल्या काही दिव्यांखाली त्याचे पट्टे व्हिडिओत उमटतात आणि हाताचं काही धड दिसत नाही.

मेसेजमधलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. गंमत अशी की ते वाचूनही बहुतेक जण रॅकेट धरतात ती घावन उलटायच्या कालथ्यासारखी, म्हणजे जाळी पहिल्यापासूनच समोर बघते. भाचीचंही तेच. दोष तिचा नाही. आपली पोरं पहिल्यांदा रॅकेट धरतात ती खळ्यात, पाऊस सरल्यावर, प्लॅस्टिकच्या शटलने. संध्याकाळी समुद्राकडून वारा असतो, म्हणून शटल उंच न मारता तोंडासमोरून सपाट ढकलायचं असतं, आणि त्याला कालथा पुरतो. नेटजवळ वर आलेलं शटल खाली दाबताना तर चांगले खेळाडूही अशीच पकड घेतात. डोक्यावरून मारायची वेळ आली की मात्र ती नडते.

ती तपासायला डाव्या हाताने रॅकेट अशी धरा की जाळीची कड जमिनीकडे राहील. कोयता लाकडावर ठेवल्यासारखी. आता उजवा हात वरून आणून हँडल पकडा. अंगठा आणि तर्जनीमधली खाच हँडलच्या वरच्या अरुंद बाजूवर, किंचित डावीकडे आली पाहिजे. खाच सपाट रुंद बाजूवर बसली तर तो कालथा.

आता मनगटाकडे येतो, कारण दुखणं तिथलं आहे. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं असतात. रॅकेटचं टोक सेकंदाला 15 मीटर जात असेल तर दोन चित्रांच्या मध्ये ते अर्धा मीटर सरकतं. फटका नेमका त्या फटीत होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मनगट झटकलं. फोनवर 240 चित्रांचा पर्याय असेल तर तो घ्या. तोच एक सेकंद आठ सेकंदांचा होतो. एखाद्या जाणत्या खेळाडूचा स्मॅश तसा पाहा. हात वर येताना शटलकडे आधी रॅकेटची कड असते, अगदी कोयत्याची धार पुढे असावी तशी. शेवटच्या क्षणी दंड आत वळतो, पाठोपाठ कोपराखालचा हात कुलपात किल्ली फिरवल्यासारखा फिरतो आणि जाळी समोर येते. फटक्यानंतर तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. मनगट हलतच नाही असं नाही, पण जोर येतो तो या फिरण्यातून.

कालथ्याच्या पकडीत जाळी पहिल्यापासून समोरच असते. फिरवायला काही उरतच नाही, मग मनगट पुढे दुमडणं एवढंच हातात राहतं. म्हणून "झटका" हा सल्ला नवशिक्याला पटतो आणि म्हणूनच त्याचं मनगट दुखतं. भाचीच्या व्हिडिओत रॅकेट वर येण्यापासून शटलला लागेपर्यंत कड एकदाही पुढे आली नव्हती. फटक्यानंतर तळवा जमिनीकडे दुमडलेला होता.

घट्ट मुठीचं इथेच, बसल्या बसल्या बघा. मूठ करकचून आवळा आणि कोपराखालचा हात दोन्हीकडे भरभर फिरवा. मग मूठ सैल करून तेच करा. फरक लगेच कळतो. फटक्याआधी हँडल आणि तळव्याच्या मध्ये थोडी पोकळी हवी. कुणी रॅकेट हलकेच ओढली तर ती सरकली पाहिजे. बोटं आवळायची ती शटल लागताना, आणि लगेच सोडायची. व्हिडिओ थांबवून पेरं बघा. शटल अजून लांब असतानाच ती पांढरी पडली असतील तर घाई झाली.

भाचीला विचारलं, एवढी का आवळतेस? "घामाने निसटते, मामा." कोकणातल्या दमट हवेत हे खरं कारण, आणि त्यावर केलेला उपाय आणखी वाईट निघाला. जुनी ग्रिप गुळगुळीत झाली म्हणून तिच्यावर दुसरी, मग तिसरी गुंडाळलेली. हँडलला आठ बाजू असतात आणि बोटांना पकड त्या कडांवरून कळते. तीन थरांखाली हँडल मुसळासारखं गोल झालं होतं. मी सगळं सोडायला लावून मूळ ग्रिपवर एकच पातळ पट्टी चढवायला सांगितली. घाम फार येत असेल तर टॉवेलची ग्रिप चालते, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते, ती वाळवावी आणि बदलावी लागते.

पकड बदलायची नाही, हा तर खेळच अर्धा करणारा सल्ला आहे. डाव्या बाजूला अंगासमोर आलेल्या शटलला हँडल बोटांत किंचित फिरवून अंगठ्याचं पेर रुंद सपाट बाजूवर टेकवायचं. लागताना अंगठ्याने दाबायचं. (शटल अंगाच्या मागे गेलं असेल तर अंगठा सपाट न ठेवता शेजारच्या तिरक्या कडेवर येतो, पण ते नंतर.) टीव्ही बघताना डोळे हातावर न नेता ही अदलाबदल करत बसायची. भाचीचं डावीकडचं शटल नेटमध्ये जायचं, कारण अंगठा उभा दांड्यावर होता, मागून आधार देणारं काहीच नव्हतं.

राहिले पाय. रोवलेला पाय आधी उपटावा लागतो, मग धाव. रॅलीत पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, वजन चवड्यांवर, टाचांखाली कागद सरकेल एवढी फट, रॅकेट पोटासमोर. समोरचा मारतो त्याच सुमारास जागेवर छोटीशी उडी घ्यायची आणि उतरता उतरता दिशा घ्यायची. स्लो मोशनमध्ये समोरच्याची रॅकेट शटलला लागते तिथे व्हिडिओ थांबवा. तुमचे पाय त्या वेळी हवेत किंवा नुकते टेकत असावेत. टाचा टेकून तुम्ही आधीच स्थिरावला असाल तर उडी लवकर झाली. गुडघे फार वाकवले तरी उठण्यात वेळ जातो.

सर्व्हिस घेताना मात्र हे चालत नाही. डावा पाय पुढे, उजवा मागे ठेवायचा. सर्व्हिस होईपर्यंत दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकून स्थिर हवा, असा तर नियमच आहे.

काल भाचीचा नवा व्हिडिओ आला. आठपैकी पाच फटक्यांत कड पुढे दिसते. उरलेल्या तिन्हीत शटल डोक्यामागे गेलं होतं. ती मागे पोचली नव्हती, आणि तिथे हाताने पुन्हा कालथाच धरला.