तारकर्लीची पाटी आणि कॅपिटल अक्षरांवरचा राग

“पाटीवर किंवा लेबलवर सगळं कॅपिटलमध्ये कधीच लिहू नका. आपला मेंदू अक्षरं वाचत नाही, शब्दाचा आकार ओळखतो. कॅपिटलमध्ये सगळे शब्द सारखेच ठोकळे दिसतात, त्यामुळे वाचन २० टक्क्यांनी मंदावतं. हे सायन्सने सिद्ध झालंय.”

मालवणपासून गुहागरपर्यंतच्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज सध्या फिरतोय. माझा धंदाच पाट्या करण्याचा. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाने तो दाखवून तयार डिझाइन बदलायला लावलं. डिझाइन बदललं, पैसेही घेतले, पण मेसेज काही पटला नाही.

आकाराचं आधी घेऊ. ही कल्पना बरीच जुनी आहे. सुट्या अक्षरांपेक्षा अख्खा शब्द पटकन ओळखता येतो, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटेलने १८८६ मध्ये दाखवलं, आणि त्यावरून आपण शब्दाची बाह्यरेषाच वाचतो असं बरेच जण मानू लागले. पुढे १९७६ मध्ये जेम्स मॅक्लेलंड या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने शब्दात एक अक्षर स्मॉल, एक कॅपिटल अशी सरमिसळ केली. बाह्यरेषेचा पार विचका झाला, तरी निरर्थक अक्षरांच्या ओळीपेक्षा शब्दातलं अक्षर ओळखणं सोपंच राहिलं. म्हणजे डोळा अक्षरंच उचलतो, फक्त एकेक करून नाही तर एकदम. आणि इतकं लांब जायचीही गरज नाही. आपली देवनागरी शिरोरेषेखाली टांगलेली असते, वरची कड बहुतेक सपाटच. तरी ‘कणकवली’ आणि ‘सावंतवाडी’ यांत एसटीच्या पाटीवर कोणी घोटाळा करत नाही. कॅपिटल थोडं हळू वाचलं जातं ते खरं, पण त्याचं मोठं कारण सवय असावं. इंग्रजीचं आपलं रोजचं वाचन जवळजवळ सगळं स्मॉलमध्येच होतं.

आता २० टक्के. हा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही. माइल्स टिंकर आणि डोनाल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये लोकांकडून छापील मजकूर वाचून घेतला, तेव्हा सगळा कॅपिटलमधला मजकूर सुमारे १२ टक्क्यांनी हळू वाचला गेला. टिंकरच्या नंतरच्या चाचण्यांत, सलग काही मिनिटं वाचायला लावल्यावर, फरक जास्तीत जास्त १९ टक्क्यांपर्यंत गेला. पण हे सगळे परिच्छेद होते. कागद हातात, डोळ्यापासून फूट-दीड फुटावर. पाटीवर एक शब्द असतो, फार तर तीन. तिथे मिनिटाला किती शब्द वाचले हा प्रश्नच नसतो, किती लांबून वाचता आलं हा असतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एका मापाचा आकडा उचलून दुसऱ्याच मापाला चिकटवलाय.

लांबून वाचण्याची परीक्षाही झालेली आहे. ब्रिटनमध्ये नव्या रस्त्यांच्या पाट्या ठरत होत्या तेव्हा दोन पंथ होते. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनरांची स्मॉल-कॅपिटल मिश्र अक्षरं एकीकडे, डेव्हिड किंडरस्लीची निव्वळ कॅपिटल दुसरीकडे. बेन्सनच्या विमानतळावर हवाई दलाचे लोक बसवले, पाट्या लावलेली गाडी त्यांच्याकडे चालवत आणली आणि कोणती पाटी किती अंतरावरून वाचली ते मोजलं. किंडरस्लीची कॅपिटलं जिंकली, पण जेमतेम ३ टक्क्यांनी. एवढ्या फरकासाठी कोण भांडणार? दिसायला बरी म्हणून मिश्र अक्षरंच निवडली गेली.

मग पाटी करणाऱ्याने काय बघायचं? जागा. त्या गिऱ्हाईकाचीच पाटी घ्या. मालवणहून येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर बोर्ड, मजकुराला रुंदी १०० सेंटीमीटर, शब्द एकच: तारकर्ली, इंग्रजीत आठ अक्षरं. एरियल फॉन्टमध्ये सगळं कॅपिटल ठेवलं तर १०० सेंटीमीटरमध्ये अक्षराची उंची साडेचौदा सेंटीमीटरच्या आसपास बसते. पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकी स्मॉल केलं की तोच शब्द बराच अरुंद होतो, कारण आर, आय, एल ही स्मॉलमध्ये अगदी चिंचोळी अक्षरं. त्यामुळे फॉन्टचा साइज जवळजवळ दीडपट वाढवता येतो. वाढवल्यावर स्मॉल ‘ए’ची उंची साडेपंधरा सेंटीमीटर होते, म्हणजे आधीच्या कॅपिटलपेक्षाही थोडी मोठी, आणि टी, के, एल तर साडेएकवीसपर्यंत जातात. इथे मिश्र अक्षरं सरळ जिंकली. सायन्सचा संबंध नाही, भूमितीचा आहे.

पण त्यासाठी बोर्डाला तेवढी उंची हवी. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर नाव आधी मराठीत लागतं, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान ठेवून चालत नाहीत. वर मराठी, खाली फोन नंबर, मध्ये इंग्रजीला उरते एक पट्टी. समजा ती १५ सेंटीमीटर आहे. कॅपिटल घेतली तर सगळी अक्षरं १५ सेंटीमीटरची होतात आणि तारकर्ली १०२ सेंटीमीटरमध्ये मावतं. मिश्र घेतलं तर स्मॉल ‘ए’ला मिळतात जेमतेम ११. दापोली, राजापूर, देवगड यांचे पी आणि जी तर रेषेखाली शेपूट सोडतात, मग अक्षरं आणखी बारीक करावी लागतात. अमेरिकेच्या रस्तेपाट्यांच्या नियमावलीत ढोबळ हिशेब आहे: एक इंच अक्षराला ३० फूट अंतर. त्या हिशेबाने १५ सेंटीमीटरची अक्षरं साधारण ५४ मीटरवरून वाचता येतात, ११ची चाळीसच्या आसपास. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला पहिल्या पाटीत सव्वातीन सेकंद मिळतात, दुसरीत अडीचपेक्षा कमी. वळणावर हा फरक जाणवतो. अशा पट्टीवर मी बिनधास्त कॅपिटल टाकतो.

एक गोष्ट मात्र मिश्र अक्षरांच्या बाजूने सांगायला हवी. अमेरिकेत रस्त्यांच्या पाट्यांसाठी केलेला क्लिअरव्ह्यू फॉन्ट तपासताना असं दिसलं की कोणतं नाव शोधायचंय हे माहीत असेल तर माणसाला मिश्र अक्षरांतलं नाव बऱ्याच लांबून सापडतं. नाव अनोळखी असेल तर तो फायदा मिळत नाही. तारकर्ली मुंबई-पुण्याच्या पाहुण्याच्या तोंडात असतं, तो तेच शोधत येतो. तुमच्या होमस्टेचं नाव त्याने बुकिंगच्या वेळी एकदा वाचलेलं असतं, आतल्या वाडीचं तर कधीच नाही, म्हणून तिथे हा फायदा धरू नका.

लेबलांबाबत मी फॉरवर्डच्या थोडा जवळ जाईन. कोकमाच्या बाटलीच्या मागे घटकांची पाच-सहा ओळींची यादी असते, ती परिच्छेदासारखी वाचली जाते, म्हणून तिथे स्मॉलच बरं. पण अक्षर अगदीच बारीक करावं लागलं तर उलटं होतं. आर्डिटी आणि चो या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की एकाच पॉइंट साइजमध्ये कॅपिटल जास्त बारीक करूनही वाचता येतात, आणि अधू नजरेच्या लोकांना तर त्यांचा फायदा जास्त. त्यामुळे झाकणाजवळची ‘कधीपर्यंत वापरावे’ची ओळ कॅपिटलमध्येच असू द्या.

आणि फ्लेक्स छापण्याआधी पैसे वाचवायचे तर दोन्ही डिझाइनं दहाव्या हिश्शाएवढी लहान करून साध्या कागदावर काढा. भिंतीला चिकटवा, सात-आठ मीटर मागे जा आणि हळूहळू पुढे या. खऱ्या रस्त्यावरचे ५४ मीटर इथे साडेपाच होतात. पाहायला मात्र घरचा माणूस नको, त्याला नाव आधीच पाठ असतं. शेजारच्या गावातल्या कुणाला तरी बोलवा.