तीस सेकंदांची भाकर

तालुक्याच्या दुकानदाराला घरगुती चक्कीच्या व्हिडिओखाली चार ओळी लिहून देणं हे काम ऐकायला भाजणीच्या पिठाइतकं हलकं वाटतं. व्हिडिओ तीस सेकंदांचा, ओळी चार, यंत्र एक. पण मालकाच्या मनात त्या यंत्राचे सतरा गुण असतात आणि सतराही त्याला पहिल्याच ओळीत पाहिजे असतात. "भाऊ, मोटर एक एचपीची हाये, ते पहिले लिहा. जाळ्या सहा देऊन रायलो, ते काहून नाही टाकलं?" वॉरंटी, स्टीलची टाकी, खालची चाकं, लाइटबिल कमी. हे सगळं भरलं की कॅप्शनचा सातबारा होतो. तोही माणूस फक्त भांडण निघाल्यावरच वाचतो.

मोबाइलवर कॅप्शनची पहिली एखाद-दीड ओळच दिसते, बाकी सगळं घडीत जातं. त्या दीड ओळीत एकच गोष्ट बसते. म्हणून मी मोटर बाजूला ठेवतो आणि भाकर घेतो. कारण एक एचपी म्हणजे किती हे गावात विहिरीच्या पंपावरून कळतं, पण भाकर काठाला तडकली की काय होतं ते प्रत्येक चुलीपुढे ठाऊक आहे.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लुटेन नसतो. पीठ ताजं असेल तर गोळा हाताखाली सरकतो, काठ गुळगुळीत राहतो. तेच पीठ महिनाभर डब्यात बसलं की त्याची विरी जाते. मग थापता थापता काठाला बारीक चिरा पडतात, उचलताना अर्धी भाकर परातीत राहते आणि अर्धी तव्यावर जाते. दोष मात्र सुनेच्या हाताला लागतो. चक्कीवर पंधरा किलोचं दळण एकदम टाकलं की शेवटचं पाच किलो असंच विरी जाऊन संपतं. घरच्या चक्कीत दोन-तीन किलो दळता येतं, आठ दिवसांत संपतं. फायदा एवढाच आणि व्हिडिओत दिसतो तोही एवढाच.

दाखवायचं तर दोन भाकरी शेजारी शेजारी थापाव्या लागतात. ज्वारी एकाच पोत्यातली, एक महिन्याआधी दळलेली, दुसरी सकाळी दळलेली. एक वाटी पिठाला पाऊण वाटीच्या आसपास गरम पाणी, दोन्हीकडे सारखंच. खारपाणपट्ट्यातल्या घरी मीठ टाकायचंही कारण नाही, पाण्यानंच ते काम केलेलं असतं. गोळा तितकाच मळायचा, हातही तेच.

लबाडीची जागा इथेच आहे. जुन्या पिठात उकळतं पाणी ओतून, जरा झाकून मळलं तर पिठातला स्टार्च शिजून धरतो आणि जुनी भाकरही बरी येते. उलट जुन्या पिठाला गार पाणी दिलं तर ते बिचारं हमखास फाटतं. म्हणजे पाण्याच्या तांब्यानंच निकाल ठरवता येतो. शूटिंग करणाऱ्या पोट्ट्याला ही गोष्ट कळली की तो सुचवतोच. असा व्हिडिओ चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी एखादी काकू जुन्या पिठाची चंद्रासारखी भाकर थापून दाखवते. दोन्ही परातींत पाणी एकाच भांड्यातून पडताना दिसलं पाहिजे. त्यातले तीन सेकंद गेले तरी चालतील. काठ मात्र जवळून घ्यायचा. बोटं फिरताहेत, एका काठाला नखाएवढी चीर उघडतेय, दुसरीला नाही. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही कळतं आणि चक्कीच्या घरघरीत कोणाचं बोलणं तसंही ऐकू येत नसतं.

आता ट्रायल. "सात दिवस फुकट वापरा" हे मालकाचं लाडकं वाक्य. त्यात पहिली अडचण 'फुकट'ची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार फुकट म्हटलं की प्रतिसादाचा आणि पोचवण्याचा टाळता न येणारा खर्च सोडून गिऱ्हाइकाकडून काही घेता येत नाही. आणि इथे 'फक्त पाचशे रुपये भरा, यंत्र परत केल्यावर बघू' असं चाललेलं असतं. त्यातलं 'बघू' तर कोणत्याच कायद्यात बसत नाही. परत मिळणारं डिपॉझिट असेल तर डिपॉझिट असंच लिहायचं, रक्कम आणि परतीचा दिवस सांगून.

दुसरी अडचण 'सात दिवसां'ची. सातांपैकी दोन दिवस लाइनचे नखरे, दोन दिवस निंदणाची घाई, एक दिवस कोणाचं तरी तेरावं. यंत्र कोपऱ्यात झाकून बसतं आणि आठव्या दिवशी टेम्पो दारात. म्हणून ट्रायल दिवसांत न मोजता दळणात मोजावी. दोन दळणं, प्रत्येकी पाच किलो. एक एचपीची मोटर चाळीस मिनिटं चालली तर अर्धं युनिट जातं, तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

परत येणाऱ्या यंत्रांत खरं खराब क्वचितच असतं. आर्द्राच्या पावसात ओलसर ज्वारी टाकली की पीठ जाळीला लिंपल्यासारखं बसतं, खालून यायचं थांबतं आणि मोटर कण्हते. ज्वारी उन्हात वाळवून दाताखाली कट्ट वाजली पाहिजे, दाबली गेली तर अजून ऊन हवं. दुसरा प्रकार लाइन जाण्याचा. मधेच लाइन गेली की दळायच्या कप्प्यात दाणे अडकून राहतात. लाइन आल्यावर मोटरला भरल्या पोटी उठावं लागतं, ती नुसती गुरगुरते किंवा ओव्हरलोडनं बंद पडते. लाइन गेल्याबरोबर बटण बंद करायचं, वरची झडप लावायची, प्लग काढून कप्पा साफ करायचा, रिकामी मोटर चालू करायची, मग दाणे सोडायचे. हे सांगितलं नाही तर फोन येतो, "तुमची चक्की पहिल्याच दिवशी मेली!" तेल सुटणारे जवस, तीळ, शेंगदाणे टाकणाऱ्यांचा फोन त्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. आणि पीठ कोमट असतानाच डब्याचं झाकण लावलं तर आत घाम धरून गुठळ्या होतात, त्याचंही खापर यंत्रावरच.

एवढं सगळं कॅप्शनमध्ये घालायचं नसतं. ते यंत्र पोचवणाऱ्या माणसानं ओट्यापाशी उभं राहून दाखवायचं. कॅप्शनमध्ये ज्वारी वाळलेली पाहिजे एवढंच, कारण ट्रायल तिथेच फसते. आणि 'दगडी चक्कीसारखंच पीठ' हे कितीही आग्रह झाला तरी नाही. ही चक्की लोखंडी पात्यांनी दाणा ठोकून फोडते, दगड फिरवत नाही. बोटांत पीठ चोळणाऱ्या बाईला हे आपल्याआधी कळतं.

तेव्हा शेवटी उरतं ते असं:

"भाकर काठाले तडकते? हाताचा दोष नाही, पिठाची विरी गेली.
व्हिडिओत एकच ज्वारी, एकच पाणी. एक पीठ महिन्याचं, एक आजचं.
घरी दोन दळणं दळून पाहा, पाच-पाच किलो. ज्वारी वाळलेली पाहिजे. आणणं-नेणं आमच्याकडे, डिपॉझिट नाही. नाही पटली तर घेऊन जाऊ.
गावाचं नाव अन् तुमच्याकडे लाइन किती वाजता असते, तेवढं कळवा."

शेवटच्या ओळीचं महत्त्व टेम्पोवाल्याला विचारा. भारनियमनाच्या वेळी पोचलेलं यंत्र म्हणजे पाच माणसांनी चहा पिऊन पाहिलेलं कपाट.

मालक हे दोनदा वाचतात. मान हलवतात, एकदा मोठ्यानंही वाचून दाखवतात. "जमलं भाऊ, एकदम जमलं. आता फक्त मोटर कुठं बसवायची, ते सांगा."